व्याज आणि समभागांवर वेगळा वैयक्तिक कर असेल, तर कर्जाचा करफायदा कसा मोजायचा

कंपनीने कर्ज काढलं की व्याज करपात्र नफ्यातून वजा होतं, तेवढा कर वाचतो, आणि या बचतीचं आजचं मूल्य म्हणजे कर्जाची रक्कम गुणिले कंपनी कराचा दर. मोदिग्लियानी आणि मिलर यांच्या १९६३ च्या लेखातलं हे सूत्र भांडवल रचना शिकणाऱ्या प्रत्येकाच्या वहीत असतं. त्याच्या आधारे ४,००० च्या कर्जावर, ३० टक्के दराने, थेट १,२०० चा फायदा दाखवणारे हिशोब माझ्यासमोर कायम येतात. या हिशोबात गुंतवणूकदार कुठेच नसतो. पैसे शेवटी त्याच्या हातात पडतात, त्यालाही कर भरावा लागतो, आणि अनेक करव्यवस्थांत त्याच्या व्याजावरचा कर समभागांच्या उत्पन्नावरच्या करापेक्षा जास्त असतो.

मर्टन मिलर यांनी १९७६ साली अमेरिकन फायनान्स असोसिएशनच्या अध्यक्षीय भाषणात नेमका हाच मुद्दा उचलला आणि ते भाषण १९७७ साली छापून आलं. त्यातलं सूत्र एका ओळीचं आहे. नवा माणूस अडखळतो तो त्यात कोणते दर घालायचे आणि आलेलं उत्तर कसं तपासायचं इथे. म्हणून एकच उदाहरण घेऊन शेवटपर्यंत जाऊ. दर आणि रकमा मी समजण्यासाठी ठरवल्या आहेत. चलन कुठलंही धरा, म्हणून आकड्यांपुढे चलन लिहिलेलं नाही.

हाताशी काय हवं

- कंपनीची करगणना, शक्यतो मागच्या काही वर्षांची. फक्त नफा-तोटा पत्रक पुरत नाही, कारण कर हिशोबाच्या पुस्तकातल्या नफ्यावर लागत नाही.
- कर्जाची रक्कम, व्याजदर आणि ते कर्ज किती काळ राहणार याचा अंदाज.
- नफ्यातला किती भाग लाभांश म्हणून वाटला जातो, ते प्रमाण.
- व्याज, लाभांश आणि भांडवली नफा यांवरचे वैयक्तिक कराचे दर.
- करपात्र आणि करमुक्त रोख्यांचे सध्याचे परतावे, जर तुमच्या बाजारात दोन्ही प्रकार असतील तर.
- एक साधी स्प्रेडशीट.

१. तीन दर वेगळे लिहून काढा

पहिला `Tc`, म्हणजे कंपनीच्या नफ्यावरचा कर. दुसरा `Tb`, म्हणजे कर्जरोखे धारण करणाऱ्याच्या व्याज-उत्पन्नावरचा वैयक्तिक कर. तिसरा `Ts`, म्हणजे भागधारकाला लाभांश आणि भांडवली नफा या दोन्ही रूपांत जे मिळतं, त्यावरचा वैयक्तिक कर.

तिन्ही दर शेवटच्या रुपयावर लागणारे हवेत. वर्षभराचा एकूण कर भागिले एकूण उत्पन्न, असा सरासरी दर इथे चालत नाही. आपण विचारतोय ते आणखी थोडं व्याज दिल्याने काय बदलेल, आणि तो बदल वरच्या टोकालाच होतो.

आपल्या उदाहरणात `Tc` ३० टक्के आणि `Tb` ४० टक्के धरू. `Ts` मात्र कायद्याच्या तक्त्यातून सरळ उचलता येत नाही. तो काढावा लागतो.

२. समभागांवरचा खरा दर काढा

भागधारकाचं उत्पन्न दोन वाटांनी येतं. लाभांशावर त्याच वर्षी कर लागतो. कंपनीत राहिलेला नफा शेअरच्या भावात मुरतो आणि त्यावरचा कर शेअर विकेपर्यंत पुढे ढकलला जातो. आज वाढलेल्या भावावर दहा वर्षांनी कर भरायचा असेल, तर त्या कराचं आजचं ओझं बरंच हलकं असतं.

लाभांशावर २० टक्के आणि भांडवली नफ्यावरही २० टक्के कर आहे असं धरा. गुंतवणूकदार सरासरी १० वर्षं शेअर ठेवतो आणि त्याचा सूट दर ७ टक्के आहे. १.०७ चा दहावा घात साधारण १.९७ येतो, म्हणून भांडवली नफ्यावरचा आजच्या हिशोबातला दर २० भागिले १.९७, म्हणजे जेमतेम १० टक्के. कंपनी निम्मा नफा वाटते आणि निम्मा ठेवते. मग `Ts` = अर्धे २० + अर्धे १० = १५ टक्के.

दोन वाटांवरचा छापील दर एकच, २० टक्के, तरी परिणामकारक दर १५ वर आला. हिशोबात सर्वांत जास्त गफलत याच आकड्यात होते. काही जण छापील दर उचलतात, तर काही जण मिलर यांच्या मूळ मांडणीतलं सोपं गृहीतक घेऊन `Ts` शून्य धरतात. दोन्ही टोकांचं उत्तर पार वेगळं येतं, म्हणून वाटपाचं प्रमाण आणि शेअर ठेवण्याचा काळ यांचा आकडा बाजूला नोंदवून ठेवा. पुढे कोणी विचारलं तर दाखवता आला पाहिजे.

एक अपवाद लक्षात असू द्या. काही देशांत कंपनीने भरलेल्या कराची वजावट भागधारकाला मिळते. ऑस्ट्रेलियात १९८७ पासून अशी पद्धत आहे. तिथल्या स्थानिक भागधारकाच्या लाभांशावर दोनदा कर बसत नाही, त्यामुळे त्या भागापुरता कर्जाचा करफायदा उरतच नाही. अशा ठिकाणी खालचं सूत्र जसंच्या तसं वापरू नका.

३. १०० चा नफा दोन्ही वाटांनी हातापर्यंत न्या

सूत्राकडे जाण्याआधी हा हिशोब हाताने करा. मला स्वतःला संपूर्ण मॉडेलमधली सर्वांत बोलकी पायरी हीच वाटते.

कंपनीने १०० चा परिचालन नफा कमावला. तो व्याज म्हणून दिला तर कंपनी पातळीवर कर शून्य, रोखेधारकाला १०० मिळतात, त्यावर ४० टक्के कर जातो आणि हातात ६० उरतात.

तोच नफा भागधारकांसाठी ठेवला तर आधी कंपनी ३० भरते. उरलेल्या ७० वर १५ टक्के, म्हणजे १०.५ वैयक्तिक कर. हातात ५९.५.

६० विरुद्ध ५९.५. कंपनी पातळीवर ३० वाचलेले दिसत होते, पण गुंतवणूकदाराच्या हातात पोहोचेपर्यंत त्यातले फक्त ०.५ उरले. बाकीचं व्याजावरच्या चढ्या वैयक्तिक कराने खाल्लं.

४. सूत्रात कर्जाची रक्कम घाला

वरच्या दोन आकड्यांचं गुणोत्तर म्हणजेच मिलर यांचं सूत्र. `G` हा कर्जामुळे वाढलेला कंपनीचा मूल्यभाग आणि `B` हे कर्जाचं बाजारमूल्य:

```
G = B * [1 - (1 - Tc)(1 - Ts) / (1 - Tb)]
```

स्प्रेडशीटमध्ये B1 मध्ये कर्ज, B2 मध्ये Tc, B3 मध्ये Ts आणि B4 मध्ये Tb ठेवलं तर:

```
=B1*(1-(1-B2)*(1-B3)/(1-B4))
```

आपल्या आकड्यांनी कंसातलं मूल्य १ − ०.५९५ ÷ ०.६० = ०.००८३. कर्ज ४,००० असेल तर फायदा सुमारे ३३. जुन्या सूत्राने तो १,२०० दिसत होता.

इथे एक चोरवाट दिसते आणि पुष्कळ जण तिने जातात. ते म्हणतात, कंपनीचा कर ३० वाचला, वैयक्तिक कर ४० वजा १५ म्हणजे २५ ने वाढला, म्हणून निव्वळ फायदा ५ टक्के, ४,००० वर २००. हे चूक आहे. समभागांवरचे १५ टक्के पूर्ण १०० वर लागत नाहीत, कंपनी कर गेल्यावर उरलेल्या ७० वर लागतात. कर एकामागून एक लागत असले की उरलेल्या भागांचा गुणाकार करायचा असतो, दरांची बेरीज-वजाबाकी नाही.

उत्तर हाती आल्यावर दोन गोष्टी बघा. `Tb` आणि `Ts` समान ठेवले की उत्तर कर्ज गुणिले `Tc` यायलाच हवं, कारण तेव्हा दोन्ही कंस कटतात आणि १९६३ चं सूत्र परत मिळतं. आणि कंसातलं मूल्य `Tc` पेक्षा मोठं आलं तर थांबा. त्याचा अर्थ तुम्ही `Ts` हा `Tb` पेक्षा जास्त धरला आहे. बहुतेक वेळा हे दोन दर दोन वेगळ्या माणसांचे उचलल्यामुळे होतं: व्याजाचा दर करमुक्त पेन्शन फंडाचा आणि समभागांचा दर करदात्या व्यक्तीचा. आपल्या आकड्यांत अशी भेसळ केली तर १ − ०.५९५ = ०.४०५ येतं, म्हणजे ३० टक्के कराच्या जगात ४० टक्क्यांचा फायदा. दोन्ही दर एकाच गुंतवणूकदाराचे हवेत.

५. रोख प्रवाहाने पडताळा घ्या

कंपनीचा वार्षिक परिचालन नफा १,००० आहे, कायम राहणार आहे आणि कर्जावर १० टक्के व्याज आहे असं धरा.

कर्ज नसताना गुंतवणूकदारांच्या हातात १,००० × ०.७० × ०.८५ = ५९५ पडतात.

४,००० कर्ज असताना व्याज ४००. भागधारकांना ६०० × ०.७० × ०.८५ = ३५७. रोखेधारकांना ४०० × ०.६० = २४०. एकूण ५९७.

फरक दरसाल २ चा. आता हे २ कोणत्या दराने आजच्या मूल्यात आणायचे? १० टक्क्यांनी भागलं तर २० येतात आणि सूत्राशी मेळ बसत नाही. हे २ गुंतवणूकदाराच्या हातातले, सगळे कर भरून उरलेले आहेत. म्हणून दरही वैयक्तिक कर वजा करूनच घ्यायचा: १० टक्के × ०.६० = ६ टक्के. २ ÷ ०.०६ = ३३.३. मेळ बसला. तुमचे दोन आकडे जुळत नसतील तर आधी सूट दर तपासा; दोष तिथेच सापडण्याची शक्यता जास्त.

६. `Tb` कोणाचा, हे बाजाराला विचारा

आतापर्यंत आपण ४० टक्के नुसते धरले. प्रत्यक्षात गुंतवणूकदार नाना प्रकारचे असतात. ज्याला कोणताच कर नाही अशा पेन्शन फंडासाठी दोन्ही वैयक्तिक दर शून्य, म्हणून कंसातलं मूल्य पुन्हा पूर्ण ३० टक्के होतं. वरच्या गटातल्या व्यक्तीसाठी ते ऋणही होऊ शकतं. मग हिशोबात कोणाला धरायचं?

मिलर यांचं उत्तर असं. सुरुवातीला अर्थव्यवस्थेत कर्जरोखे थोडे असतात आणि ते कमी कर भरणारे उचलतात. कंपन्यांना फायदा दिसतो, त्या आणखी रोखे काढतात. ते खपवण्यासाठी जास्त कर भरणाऱ्यांना ओढावं लागतं आणि त्यांच्या जादा कराची भरपाई म्हणून व्याजदर वाढवावा लागतो. असं होत होत एक गुंतवणूकदार असा येतो, की त्याच्यासाठी दोन्ही वाटांनी सारखंच हातात पडतं. आपल्या दरांत हा बिंदू 1 − `Tb` = ०.५९५, म्हणजे `Tb` ४०.५ टक्क्यांवर येतो. तिथे पोहोचल्यावर एकूण कर्ज किती असावं हे ठरतं, पण एखाद्या कंपनीने कर्ज कमी घेतलं की जास्त, याने तिच्या मूल्यात काही फरक पडत नाही. ४०.५ च्या खालचे रोखे घेतात, वरचे समभाग घेतात.

खरा बाजार त्या बिंदूपर्यंत पोहोचला आहे का, हे गृहीत धरू नका, मोजा. करमुक्त आणि करपात्र रोखे शेजारी ठेवा. अमेरिकेत राज्यं आणि शहरं काढतात त्या म्युनिसिपल रोख्यांवरचं व्याज केंद्रीय आयकरातून सामान्यतः मुक्त असतं, त्यामुळे तिथे ही तुलना नेहमी केली जाते. करपात्र रोखा १० टक्के देत असेल आणि करमुक्त रोखा ६.८ टक्के, तर ज्याला दोन्ही सारखेच वाटतात त्याचा दर १ − ६.८ ÷ १० = ३२ टक्के.

या ३२ टक्क्यांनी सूत्र पुन्हा चालवा. १ − ०.५९५ ÷ ०.६८ = ०.१२५, आणि ४,००० वर फायदा ५००. (इथे समभागांचा १५ टक्के दरही त्याच गुंतवणूकदाराचा आहे असं धरलं आहे.) एक दर ४० वरून ३२ झाला आणि उत्तर ३३ वरून ५०० वर गेलं. उत्तर या एका आकड्यावर एवढं हलतं, म्हणून अहवालात एकच संख्या देऊ नका. `Tb` चे दोन-तीन पर्याय घेऊन छोटी सारणी द्या.

तुलनेसाठी निवडलेल्या दोन रोख्यांची मुदत आणि पत सारखी हवी. तुमच्याच कंपनीचा रोखा घेऊन त्याची सरकारी करमुक्त रोख्याशी तुलना केली, तर परताव्यातल्या फरकात बुडण्याच्या जोखमीची किंमतही मिसळते आणि `Tb` खोटाच फुगतो. मुदतीकडेही तसंच लक्ष ठेवा: लांब मुदतीच्या करमुक्त रोख्यांवर परतावा बऱ्याचदा अपेक्षेपेक्षा जास्त असतो, त्यामुळे त्यातून निघणारा दर कमी येतो.

७. कंपनी खरंच `Tc` वाचवते का, ते करगणनेत बघा

व्याजाने कर वाचायला आधी करपात्र नफा लागतो. घसारा, गुंतवणुकीवरच्या सवलती, मागील तोटा यांनी तो आधीच खाली आला असेल तर शेवटच्या व्याजाला वजा व्हायला काही उरत नाही. हॅरी डीअँजेलो आणि रोनाल्ड मासुलिस यांनी १९८० साली हा मुद्दा मिलर यांच्या मॉडेलला जोडला, आणि प्रत्यक्ष कामात तोच निर्णायक ठरतो असं माझं मत आहे.

आपली कंपनी १,००० रोख कमावते, पण सवलती वजा जाता करपात्र नफा फक्त ३०० आहे असं धरा. ४,००० कर्जावर व्याज ४००. यातले पहिले ३०० कर वाचवतात. उरलेल्या १०० वर कंपनी तसाही कर भरणार नव्हती. ते १०० समभागांच्या वाटेने गेले असते तर हातात ८५ पडले असते. व्याजाच्या वाटेने, ३२ टक्के कर जाऊन, ६८ च पडतात.

आता कर्जाचे दोन तुकडे करा. पहिल्या ३,००० वर १२.५ टक्के फायदा, म्हणजे ३७५. पुढच्या १,००० साठी `Tc` शून्य घालून १ − ०.८५ ÷ ०.६८ = −०.२५, म्हणजे २५० चं नुकसान. एकूण फायदा १२५ वर आला. याच कंपनीने ३,००० वर थांबायला हवं होतं.

जुन्या सूत्रात असं नुकसान दिसूच शकत नाही. तिथे वाया गेलेल्या व्याजाचा फायदा फार तर शून्य होतो. वैयक्तिक कर धरला की तो शून्याच्या खाली जातो, कारण व्याज घेणाऱ्याला चढा कर भरावाच लागतो, मग कंपनीचा वाचो वा न वाचो. वजा न झालेलं व्याज पुढच्या वर्षांत ओढता येत असेल तर नुकसान कमी होतं. तेव्हा `Tc` शून्य न धरता, बचत जितकी वर्षं लांबेल तितकी सूट देऊन मधला दर घ्या. अनेक देशांत व्याजाच्या वजावटीवर नफ्याच्या ठरावीक प्रमाणाची मर्यादाही असते. करगणनेत तीही बघा.

८. कायदा बदलला की तिन्ही दर पुन्हा लिहा

कर सुधारणा आली की लोक कंपनी कराचा नवा दर घालतात आणि बाकीचे तसेच ठेवतात. असं करणं किती महाग पडतं ते अमेरिकेतल्या १९८६ च्या सुधारणेवरून दिसतं. त्याआधी कंपनी कराचा वरचा दर ४६ टक्के, व्यक्तींचा ५० टक्के आणि दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्यावर जास्तीत जास्त २० टक्के होता. भांडवली नफ्याचा कर पुढे ढकलण्याचा फायदा बाजूला ठेवून, सगळा परतावा भांडवली नफ्यातून येतो असं धरलं, तर वरच्या गटातल्या गुंतवणूकदारासाठी १ − ०.५४ × ०.८० ÷ ०.५० = ०.१३६.

१९८८ पर्यंत नवे दर पूर्ण लागू झाले: कंपनी ३४, व्यक्ती २८, भांडवली नफाही २८. आता वैयक्तिक दर दोन्ही बाजूंना समान, म्हणून कंसातलं मूल्य सरळ ०.३४.

कंपनी कर १२ अंकांनी उतरला आणि तरी कर्जाचा करफायदा अडीच पट झाला. फक्त `Tc` बदलणाऱ्याला, बाकी दर जुनेच ठेवून, १ − ०.६६ × ०.८० ÷ ०.५० = −०.०५६ मिळालं असतं आणि त्याने कर्ज कमी करा असा सल्ला दिला असता.

म्हणून स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक दराशेजारी तो कोणत्या तारखेपासून लागू आहे आणि कोणत्या गटातल्या गुंतवणूकदाराचा आहे, हे दोन रकाने ठेवा. दिवाळखोरीचा संभाव्य खर्च या सूत्रात कुठेही नाही. तो वेगळा काढून `G` मधून वजा करायचा असतो.